भाड्याच्या घरात गॅसचा वास: पाइप आणि रेग्युलेटर बदलून घेईपर्यंत

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, गॅसचं कनेक्शन घरमालकांच्या नावावर असताना, शेगडीजवळ वास आला तर नेमकं काय काय करावं लागतं ते लिहून ठेवत आहोत. वास कसा थांबवायचा हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पाइप कुणी आणायचा, रेग्युलेटर कुणाच्या सहीने बदलून मिळतो आणि मालक परगावी असतील तर काय, हे ऐनवेळी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने, तारखांसह.

शनिवार, १२ जुलै २०२५. बाहेर पावसाची झड लागलेली, त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी दुपारपासून बंद होती. संध्याकाळी सातच्या सुमारास कट्ट्याजवळ वास जाणवला. शेगडीची दोन्ही बटणं बंद होती. उभ्याने वास पुसट होता. वाकून कट्ट्याखालचं कपाट उघडलं, तेव्हा तो एकदम नाकात गेला. गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट, त्यामुळे तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. वासाची शंका आली की नाक टाकीच्या बुडाशी न्यायचं, शेगडीच्या वर नाही. आणि खात्री करायला काडी ओढायची नाही. काही घरांत अजून ते करतात.

नाकावर फार वेळ विसंबूनही चालत नाही. त्याच वासात पाचेक मिनिटं थांबलं की नाक त्याला सरावतं आणि ‘आता कमी झाला’ असं वाटू लागतं. घराबाहेर जाऊन मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबून परत यायचं आणि मग ठरवायचं.

सगळ्यात आधी टाकीवरच्या रेग्युलेटरचं बटण बंद केलं. मग खिडकी उघडली आणि बाल्कनीचं दार सताड उघडं टाकलं. खिडकीपेक्षा दार जास्त कामाचं, कारण दार जमिनीपासून उघडतं आणि गॅस जमिनीलगतच असतो. स्वयंपाकघरातल्या एकाही स्विचला हात लावला नाही. लागलेला दिवा तसाच लागलेला ठेवला, कारण स्विच बंद करतानाही आत ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह होतो, तोच सगळ्यात वाईट. राहिला फ्रिज. तो आपला आपण चालू-बंद होत राहतो आणि दर वेळी त्याच्या आत ठिणगी पडू शकते. म्हणून खाली पार्किंगमधल्या मीटरच्या बोर्डावरून आमच्या फ्लॅटचा मेन स्विच पाडला. मीटर घरातच, वासाच्या जागेजवळ असेल, तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो. गॅसला स्वतःला वास नसतो. त्यात मुद्दाम मर्कॅप्टन घालतात, आणि तेही अशा बेताने की त्या धोक्याच्या प्रमाणाच्या पाचव्या हिश्श्यालाच वास यावा. म्हणजे वास आला म्हणजे लगेच भडका उडेल असं नाही, हाताशी थोडा वेळ असतो. पण बंद कपाटाच्या तळाशी प्रमाण किती झालंय हे नाकाला कळत नाही.

हवा थोडी मोकळी झाल्यावर रेग्युलेटर काढला. बटण बंद असल्याची खात्री करायची, रेग्युलेटरच्या खालची काळी कडी वर ओढून धरायची आणि रेग्युलेटर सरळ वर उचलायचा. मग टाकीच्या तोंडावर दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवायची, टक् असा आवाज येईपर्यंत. ही टोपी पुष्कळ घरांत पहिल्याच दिवशी तोडून टाकलेली असते. टाकीच्या तोंडातूनच गळत असेल तर मेकॅनिक येईपर्यंत गळती थोपवणारी तीच एक वस्तू आहे. टोपी लावल्यावर कपाटातला वास हळूहळू कमी होत गेला. त्यावरून एवढं कळलं, की दोष बहुधा टाकीच्या पुढे, रेग्युलेटर ते शेगडी या टप्प्यात आहे.

फोन खाली पार्किंगमधून केले. पहिला १९०६ वर. हा गॅसगळतीचा आपत्कालीन क्रमांक, चोवीस तास चालतो आणि तिन्ही सरकारी तेल कंपन्यांच्या ग्राहकांना हाच लागतो. पलीकडून ग्राहक क्रमांक, एजन्सीचं नाव, पत्ता आणि संपर्काचा मोबाइल विचारतात. इथेच भाडेकरू अडतो, कारण ग्राहक क्रमांक असतो मालकांच्या कार्डावर. आमच्याकडे मागच्या टाकीची पावती होती, तिच्यावर तो छापलेला होता. नसता मिळाला तरी गळतीची तक्रार म्हणून पत्ता आणि एजन्सी नेटाने सांगायचीच. पण ती पावती फ्रिजच्या दाराला चिकटवून न ठेवता तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलेला बरा, कारण अशा वेळी आपण घराबाहेर उभे असतो.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. कनेक्शनला मालकांचा मोबाइल जोडलेला असेल तर कार्यालयाचा फोन किंवा मेसेज त्यांच्याकडेच जायची शक्यता जास्त. टाकी घरपोच देताना जो कोड विचारतात तोही असाच त्यांच्या फोनवर जातो. म्हणून तक्रार देतानाच ‘मी भाडेकरू, या नंबरवर फोन करा’ असं सांगून दुसरा नंबर लिहून घ्यायला लावला.

दुसरा फोन मालकांना. काका निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला असतात. फोनवर त्यांचं पहिलं म्हणणं असं, “अहो, टाकी संपत आली की येतोच वास. बदलून बघा की.” हे म्हणणं अगदीच निराधार नाही. वासाचं ते द्रव्य गॅसपेक्षा सावकाश उडतं, त्यामुळे टाकीच्या तळाशी उरलेल्या गॅसमध्ये त्याचं प्रमाण वाढतं आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत शेगडी पेटवताना वास जास्त येतो. पण तो वास शेगडी वापरतानाचा. आमची टाकी त्याच आठवड्यात लावलेली होती आणि वास येत होता सगळं बंद असताना, कट्ट्याखाली. एवढा फरक नीट सांगितल्यावर काकांचा सूर बदलला.

फोन झाल्यावर तेच लेखी पाठवलं, कारण फोनवर बोललेलं पुढे दोघांच्याही लक्षात वेगवेगळं राहतं. मेसेज असा होता:

“काका नमस्कार. आज १२ जुलै, संध्याकाळी ७ वाजता स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. शेगडीची बटणं बंद असताना वास येत होता. रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावली आहे. १९०६ वर तक्रार दिली आहे, मेकॅनिक येणार आहे. पाइपवर बदलायची मुदत २०२२ छापली आहे, शेगडीकडच्या टोकाला चिरा दिसतात, फोटो सोबत आहेत. पाइप आजच बदलावा लागेल. रेग्युलेटर मेकॅनिक तपासेल. कनेक्शन तुमच्या नावावर असल्यामुळे गॅस कार्डाचा आणि एसव्हीचा, म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचरचा, फोटो कृपया आत्ताच पाठवा. पाइपचे पैसे आम्ही देतो आणि पावती पाठवतो, पुढच्या भाड्यातून वजा केले तर चालेल का, एवढं इथेच कळवा.”

यात आरडाओरड नाही, आणि मोघमही काही नाही. वास कधी आला, आम्ही काय केलं, काय बदलायचं, काकांनी काय पाठवायचं आणि पैसे कोण देणार, एवढंच. ‘गॅसचा प्रॉब्लेम आहे, जरा बघा’ असा मेसेज गेला की उत्तर ‘सोमवारी बघू’ असं येतं. काकांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. पैशाला होकार होता, पण एक सूचनाही होती, “तेवढं टोक कापून परत बसवा, चालतंय वर्षभर.”

टोक कापून बसवणं का चालत नाही ते मेकॅनिकने आल्यावर जुना पाइप हातात धरूनच दाखवलं. ते साडेआठच्या सुमारास आले, रेनकोट दारातच काढला आणि आधी पाइपवरची छापील ओळ वाचली. हा नारिंगी सुरक्षा पाइप, आय.एस. ९५७३ मानकाचा. त्याच्यावर कधी बनवला आणि कधीपर्यंत बदलायचा ते छापलेलं असतं. आयुष्य पाच वर्षांचं. आमच्या पाइपवर २०१७ आणि २०२२ होतं. मुदत संपून तीन वर्षं होत आली होती. शेगडीकडचं टोक त्यांनी अंगठ्याने किंचित वाकवलं, तर बाहेरच्या नारिंगी थरावर केसासारख्या आडव्या चिरा उघडल्या आणि आतला काळा रबर दिसला. तो रबर नखाने दाबला जाईना, इतका कडक झाला होता.

“टोक कापलं तरी उरलेला पाइप तेवढाच म्हातारा की ओ,” ते म्हणाले. शिवाय या पाइपच्या आत पोलादी तार विणलेली असते. घरी कात्रीने किंवा सुरीने कापला की तारेची टोकं बाहेर येतात, रबराला आतून टोचतात आणि पाइप नळीवर घट्ट बसत नाही. कापल्याने पाइप आखूड होऊन ताणलाही जातो, मग शेगडी पुसायला थोडी सरकवली तरी दुसरं टोक निसटायला बघतं.

आमचा पाइप कुठे खराब झाला होता हेही पाहण्यासारखं होतं. एक जागा शेगडीमागची. तिथे शेगडी भिंतीला टेकवून ठेवलेली, म्हणून पाइपला काटकोनात मोड पडलेला आणि मागच्या बर्नरची धग त्याच मोडावर. दुसरी जागा कट्ट्याच्या भोकाची. कट्ट्याच्या ग्रॅनाइटला पाडलेल्या भोकातून पाइप खाली टाकीकडे जातो, आणि त्या भोकाची कडा घासून गुळगुळीत केलेली नव्हती. पाइप जिथे तिला टेकत होता तिथे नारिंगी थर खरवडून गेला होता. ही दुसरी जागा शेगडी हलवल्याशिवाय दिसतच नाही. पाइप तपासायचा तर दोन टोकं बघून भागत नाही, मधला लपलेला भागही बाहेर ओढून बघावा लागतो.

नवा पाइप मेकॅनिकच्या पिशवीतच होता. दीड मीटर, १९० रुपये, एजन्सीची छापील पावती. गळतीच्या तक्रारीवर येण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत आणि ते घेतही नाहीत, पैसे फक्त बदललेल्या वस्तूचे. दीड मीटरपेक्षा लांब पाइप लावायचा नाही आणि दोन पाइप जोडून तर अजिबात नाही. बसवताना त्यांनी टोक नुसत्या पाण्यात बुडवलं आणि शेगडीच्या नळीवर पिळत पिळत शेवटपर्यंत ढकललं. तेल किंवा ग्रीस लावलं तर पाइप चढतो पटकन, पण तेलाने रबर खराब होतो आणि पाइप निसटायचीही भीती राहते. जुन्या पाइपच्या रेग्युलेटरकडच्या टोकाला कुणीतरी तार गुंडाळून आवळली होती. पाइप ढिला बसतो म्हणून तार आवळायची वेळ आली, तर तो पाइप बदलण्याच्याच लायकीचा, असं त्यांचं सरळ म्हणणं. भोकाच्या कडेला त्यांनी जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घ्यायला सांगितलं, तो आम्ही दुसऱ्या दिवशी बसवला.

बहुतेक घरांत काम इथेच संपतं, आणि आमच्याकडेही संपलं असतं. पण मेकॅनिकने नवा पाइप लावून लगेच शेगडी पेटवली नाही. एक वाटी पाणी आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड मागून घेतलं, फेस केला आणि जुन्या टूथब्रशने एकेका जोडावर लावत गेले. ही तपासणी क्रमाने करायची असते, कारण गळती कधी दिसते यावरून ती कुठली ते ठरतं.

आधी रेग्युलेटर न लावता टाकीच्या तोंडात फेसाचं पाणी. बुडबुडे आले तर टाकीच्या आतली पिन नीट बसत नाही, मग टाकीच बदलायची. आमच्याकडे पाणी शांत राहिलं. त्याच वेळी त्यांनी बॅटरीच्या उजेडात तोंडाच्या आतलं काळं रबरी कडं बघितलं, ज्याला सगळे वायसर म्हणतात. हे वायसर नसलं, फाटलेलं असलं किंवा दुमडलं असलं, तर रेग्युलेटर चालू केला की गळती त्याच्या बुडाशी होते, आणि ती जोरात होते. टाकीच्या आत दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर काही किलोंचा असतो. रेग्युलेटर तो उतरवून ३० ग्रॅमवर आणतो. वायसर येतं रेग्युलेटरच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या पूर्ण दाबाखाली. त्यामुळे पाइपच्या चिरेतून जेवढा गॅस जातो त्याच्या कैक पट तेवढ्याच फटीतून वायसरपाशी जातो. टाकी घरी आली की ती घेऊन येणाऱ्याकडून तिथल्या तिथे वायसर आणि पिन तपासून घ्यावी, असं ते का सांगतात हे यावरून कळतं. आमचं वायसर ठीक होतं.

मग रेग्युलेटर लावून बटण चालू, शेगडी बंद. पाइपच्या दोन्ही टोकांना फेस शांत. शेगडीच्या दोन्ही बटणांच्या मुळाशी शांत. आणि रेग्युलेटरच्या डोक्यावर, बारीक भोक असतं तिथे, एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. सावकाश, पण थांबेना.

त्या भोकाचं काम असं. रेग्युलेटरच्या आत रबराचा एक पातळ पडदा असतो. खालून गॅसचा दाब आणि वरून स्प्रिंगचा, यांचा मेळ घालत तो वरखाली होतो आणि दाब ३० ग्रॅमवर धरून ठेवतो. पडद्याच्या वरच्या बाजूला हवा आत-बाहेर व्हावी म्हणून ते भोक. तिथून हवा यावी-जावी, गॅस नाही. गॅस येत असेल तर पडद्याला चीर गेली. हा रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायचा नसतो. भोकाला चिकटपट्टी किंवा पुट्टी लावायची तर मुळीच नाही. भोक बुजवलं की पडदा मोकळा हलत नाही आणि पुढचा दाब बिघडतो, मग शेगडीची ज्योत एकदम मोठी होते किंवा उड्या मारते.

म्हणजे गळती एकाच वेळी दोन ठिकाणी होती. पाइपची मोठी, आणि तिच्या वासाखाली रेग्युलेटरची बारीक झाकली गेलेली. नुसता पाइप बदलून शेगडी पेटवली असती, तर थोडा वास येत राहिला असता आणि सगळ्यांनी तो ‘नव्या पाइपचा असेल’ म्हणून सोडून दिला असता. पाइप बदलल्यानंतरही प्रत्येक जोडाला फेस लावून घेतल्याशिवाय मेकॅनिकला जाऊ देऊ नका, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

मेकॅनिकने रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावली, तक्रारीच्या कागदावर ‘पाइप बदलला, रेग्युलेटर सदोष, बदलणे, तोवर वापर बंद’ असं लिहून सही केली आणि एक प्रत आमच्याकडे दिली. ही प्रत मागून घ्यावीच, पुढचं सगळं काम तिच्यावर झालं. त्यांच्याकडे नवा रेग्युलेटर नव्हता, आणि असता तरी देता आला नसता, असं ते म्हणाले. पाइप कुणीही पैसे देऊन घेऊ शकतो. रेग्युलेटर मात्र कंपनीच्या मालकीचा असतो आणि ग्राहकाने भरलेल्या अनामत रकमेवर वापरायला दिलेला असतो. त्याची नोंद एसव्हीवर, म्हणजे कनेक्शन घेताना मिळालेल्या सबस्क्रिप्शन व्हाउचरवर असते. बदलून द्यायचा तर एजन्सीच्या काउंटरवर, आणि ज्याचं कनेक्शन त्यालाच.

रात्री उशिरा काकांना दुसरा मेसेज केला: मेकॅनिकच्या कागदाचा फोटो, १९० रुपयांची पावती, आणि ‘आता रेग्युलेटरसाठी तुमची एसव्ही आणि सही लागेल’ ही ओळ. बाजारात तसाच रेग्युलेटर मिळतो, तो आणून लावू का, असं काकांनी विचारलं. त्याला आम्ही स्पष्ट नकार दिला. बाजारातल्या तुकड्याची खात्री कुणी देत नाही, आणि कंपनीचा विमाही नोंदलेल्या पत्त्यावर, मानकाप्रमाणे असलेली साधनं वापरत असतानाच्या अपघातासाठी असतो. घर काकांचं, त्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्न आमच्याइतकाच त्यांचाही, हे त्यांना लगेच पटलं.

रविवारी एजन्सी बंद. स्वयंपाक शेजारच्या काकूंनी दिलेल्या इंडक्शनवर झाला. ज्यांना अशी सोय नाही त्यांच्यासाठी पाच किलोची छोटी टाकी एजन्सीत ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तीन-चार दिवसांसाठी तेवढा खर्च करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

सोमवार, १४ जुलै. मेकॅनिकचा कागद, जुना रेग्युलेटर, काकांनी पाठवलेल्या एसव्हीच्या फोटोची प्रिंट आणि नोंदणी केलेल्या भाडेकराराची झेरॉक्स घेऊन एजन्सी गाठली. काउंटरवरच्या बाईंनी कागद बघितले आणि फोटोच्या प्रिंटवर काम होणार नाही म्हणाल्या. त्यांना हवं होतं काकांचं मूळ सहीचं पत्र, सोबत त्यांच्या आधारची सही केलेली झेरॉक्स. पत्राचा मजकूर त्यांनीच सांगितला, तो इथे देतो म्हणजे दुसऱ्या कुणाची फेरी वाचेल: ‘माझ्या नावे असलेल्या ग्राहक क्रमांक अमुक या कनेक्शनचा रेग्युलेटर सदोष असल्याने तो परत करून बदली रेग्युलेटर घेण्यासाठी, सदर पत्त्यावर राहणारे माझे भाडेकरू यांना मी अधिकार देत आहे.’ खाली तारीख, सही, मोबाइल. प्रत्येक एजन्सीची रीत थोडी वेगळी असू शकते, म्हणून जाण्याआधी फोन करून हे विचारून घ्यावं.

त्यांनी रेग्युलेटर उलटापालटा करूनही पाहिला. कंपनीचा शिक्का आणि क्रमांक आहे का, कुठे आपटल्याच्या किंवा उघडल्याच्या खुणा आहेत का. नेहमीच्या वापराने बिघडला असेल तर बदलून फुकट मिळतो. फोडला किंवा हरवला असेल तर पैसे पडतात. बाजारातला तुकडा आणून दिला तर तो ते जमाच करून घेत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबी मूळ रेग्युलेटर हरवलेला असतो. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने परस्पर अदलाबदल केलेली असू शकते, म्हणून घर ताब्यात घेतानाच रेग्युलेटरवरचा शिक्का बघून ठेवायला हवा. आमचा मूळचा निघाला.

काकांनी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाकीट धाडलं, ते मंगळवारी सकाळी गाडीच्या थांब्यावर जाऊन घेतलं. पोस्टापेक्षा हे लवकर होतं. कागद पूर्ण झाल्यावर बाईंनी जुना रेग्युलेटर जमा करून घेतला, नव्याचा क्रमांक रजिस्टरमध्ये चढवला आणि काउंटरवरच एका टाकीला लावून बटण चालू-बंद करून दाखवला. पैसे लागले नाहीत. घरी तो बसवायला त्यांनी त्याच मेकॅनिकला पाठवलं. संध्याकाळी पुन्हा वाटीत फेस, पुन्हा सगळे जोड, आणि या वेळी रेग्युलेटरच्या भोकावरचा फेस बसल्या जागी विरून गेला. त्यानंतरच शेगडी पेटवली.

जाता जाता मेकॅनिकने आणखी एक काम सांगितलं. कट्ट्याखालच्या कपाटाला दोन्ही दारं घट्ट होती, त्यामुळे गळलेला गॅस आतच कोंडत होता. दारांच्या तळाशी, अगदी जमिनीलगत, हवा जायला जाळी हवी. वरच्या बाजूला केलेल्या भोकांचा उपयोग नाही, गॅस तिथपर्यंत येतच नाही. काकांना विचारून सुताराकडून दोन्ही दारांना जाळ्या बसवून घेतल्या, तो खर्च त्यांनी स्वतःहून भाड्यातून वजा करायला सांगितला.

कायद्याचं थोडक्यात, कारण हा प्रश्न ओळखीतल्या दोघातिघांनी विचारला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च वजा करू शकतो. पण गॅसच्या गळतीला पंधरा दिवस कोण थांबणार? आणि आता बहुतेक करार अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे असतात, त्यात कोणती दुरुस्ती कुणाकडे हे करारात लिहिलेलं असेल तेच आधी बघितलं जातं. त्यामुळे या कामात कलमापेक्षा वेळेवर पाठवलेला स्पष्ट मेसेज आणि मालकांचा लेखी होकार जास्त उपयोगी पडला.

करार पुढच्या वेळी नवा करताना काकांशी बोलून दोन ओळी घालायचं ठरलं आहे. पाइप मुदतीआधी बदलण्याचा खर्च मालकांचा. आणि कनेक्शन मालकांच्या नावावर राहील तोवर एसव्हीची सही केलेली प्रत व अधिकारपत्र भाडेकरूकडे राहील, म्हणजे पुन्हा पुण्याहून पाकीट मागवायला नको. फिटिंग्जच्या यादीत आतापर्यंत ‘गॅस शेगडी, १’ एवढंच होतं. आता तिच्यापुढे रेग्युलेटरचा क्रमांक आणि पाइपवर छापलेलं बदलायचं वर्ष, २०३०, हेही लिहिलं जाईल.